हप्त्याला सुट्टी

कॉटनपेटेत अंबूबाईचं तोंड सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं कोडबळं खुसखुशीत आणि जीभ त्याहून तिखट, असं दुकानदारच म्हणायचे, पण तिच्या पाठीमागे. नवरा गेला तेव्हा प्रणीत दहावीत होता. तेव्हापासून पहाटे साडेचारला उठून चुलीपुढे बसायचं, दहापर्यंत चकल्या-कोडबळ्यांचे डबे पेठेतल्या दुकानांत पोचवायचे आणि कुणी पैसे थकवले तर त्याच्या दारात उभं राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, हा तिचा नेम. अशा बाईला एक दिवस बोलायलाच सुचू नये, म्हणजे काय झालं असेल बघा.

शनिवारी संध्याकाळी तिचा थोरला भाऊ जयसिंगराव आला. तो घड्याळाच्या कारखान्यात कामाला, राहायला जालहळ्ळीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. पुढच्या वर्षी रिटायर होणार होता, म्हणजे क्वार्टर्सही सोडावी लागणार. जन्मभराच्या पगारातून त्यानं एकच गोष्ट केली होती, जे. पी. नगरच्या पार टोकाला तीस बाय चाळीसची एक साइट. रिटायर झाल्यावर तिथं दोन खोल्या बांधायच्या आणि मरेपर्यंत सुखानं राहायचं. त्या साइटचं खरेदीपत्र गेली पावणेपाच वर्षं बँकेच्या तिजोरीत होतं, कारण प्रणीतच्या इंजिनिअरिंगच्या कर्जाला जामीन जयसिंगराव होता.

अंबूबाई तांब्या-फुलपात्र घेऊन बाहेर आली. "बस की अण्णा. पाणी घे."

अण्णा बसला नाही. खिशातून एक पाकीट काढलं आणि कट्ट्यावर टाकलं.

"तुझ्या पोरानं दोन हप्ते बुडवलेत. पंधरा दिवसांत भरले नाहीत तर माझ्या साइटीवर कारवाई करणार म्हणून लिहिलंय. फॅक्टरीच्या पत्त्यावर आलं पत्र. चार माणसांत साहेबानं हातात दिलं."

"हप्ते? कसले हप्ते? अजून वर्ष कुठं झालंय? जुलैत होतंय की!"

"ते मला नको सांगू, बँकेला सांग," अण्णा म्हणाला. "पाणी ठेव आत. साइट सुटेपर्यंत तुझ्या घरचं पाणी नको मला."

आणि गेला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, लहानपणी तिला खांद्यावर बसवून करग्याची मिरवणूक दाखवायला न्यायचा, तो पाणी न पिता गेला. अंबूबाई फुलपात्र हातात धरून उभीच राहिली. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाच्या बापाची पेंड खाल्ली होती तिनं? चौऱ्याण्णव साली कर्ज मंजूर झालं, त्या दिवशी प्रणीतनंच बँकेचं इंग्रजी पत्र तिला वाचून दाखवलं होतं. चार वर्षं शिकायचं, त्यावर एक वर्ष सूट, मग हप्ते. अठ्ठ्याण्णवच्या जुलैत शिक्षण संपलं, म्हणजे नव्याण्णवच्या जुलैत हप्ता सुरू. आता तर एप्रिल चालला होता. शिवाय व्याज! व्याज तर ती रोज भरत होती, रोज दहा रुपये, बँकेच्या बसवंतच्या हातात, एक दिवस चुकवला असेल-नसेल.

प्रणीत रात्री उशिरा आला. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तो गेले आठ महिने बिनपगारी ट्रेनिंग घेत होता. बसभाड्याला रोज वीस रुपये आईकडून नेई आणि पहाटे केलेला डबाही. बँकेच्या पत्राचं ऐकून तो म्हणाला, "चूक झाली असेल त्यांची. मी बघतो, तू नको जाऊस." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

तू नको जाऊस म्हटल्यावर अंबूबाई थांबणार होय?

सोमवारी बँकेचं दार उघडलं तेव्हा पहिलं पाऊल तिचं होतं. मॅनेजर त्रिविक्रम राव, नवीनच बदली होऊन आलेला बारीक अंगाचा माणूस, अजून खुर्चीत नीट टेकलाही नव्हता. तिनं पत्र त्याच्या टेबलावर आपटलं आणि खणखणीत कन्नडमध्ये सुरुवात केली. साठ हजार घेतले, कबूल. पण वर्ष व्हायच्या आत हप्ता कसा मागता? आणि व्याज मी रोजच्या रोज भरलंय, तरी या कागदावर ब्याऐंशी हजार दोनशे कुठून आले? साठाचे ब्याऐंशी करायला ही बँक आहे की पठाणाची पेढी?

रांगेतली माणसं माना वळवून बघू लागली. त्रिविक्रम रावानं पाण्याचा ग्लास पुढं केला, तिनं तो परत सरकवला. मग त्यानं कर्जाचं लेजर मागवलं आणि बोट ठेवून दाखवलं.

"हे बघा अम्मा. दरवर्षी ऑगस्टमध्ये पंधरा हजारांचा ड्राफ्ट कॉलेजच्या नावे गेला. चार वर्षांत चार. ज्या दिवशी ड्राफ्ट गेला त्या दिवसापासून त्या पंधरा हजारांवर व्याज सुरू, वर्षाला बारा टक्के. शिकत असताना हप्त्याला सुट्टी असते. व्याजाला सुट्टी नसते."

"ते मला ठाऊक आहे! म्हणून तर रोज भरलं!"

"सुट्टीच्या काळात व्याजावर व्याज नाही लावलं आम्ही, साधंच लावलं. ते बाजूला साठत गेलं. बावीस हजार दोनशे झाले. हप्ता सुरू झाला त्या दिवशी ते मुद्दलात मिळवले. आता ब्याऐंशी हजार दोनशे हेच मुद्दल, त्यावर साठ हप्ते, महिना अठराशे तीस." त्यानं पान तिच्याकडे वळवलं. "आणि भरलं म्हणता, तर ही जमेची बाजू बघा. एक रुपयासुद्धा आलेला नाही."

अंबूबाईनं बघितलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण कोरं पान कुठल्याही भाषेत कोरंच दिसतं.

तेवढ्यात दारातून बसवंत आत आला, खांद्याला तीच खाकी पिशवी. पेठेतल्या प्रत्येक दुकानातून रोज पिग्मीचे पाच-दहा रुपये गोळा करून सकाळी बँकेत भरणारा हा माणूस. अंबूबाईनं त्याच्या पिशवीचा पट्टाच धरला.

"कुठं गेले रे माझे पैसे, मुडद्या? पावणेपाच वर्षं रोज दहा रुपये दिले तुला, पोराच्या कर्जाचं व्याज म्हणून!"

बसवंत कावराबावरा झाला. "अक्का, सोडा... आहेत की! पिग्मीत आहेत. तुमच्याच नावानं. कार्डावर सही करून देतो की नाही रोज?"

"पिग्मीत कशाला? मी काय सांगितलं होतं तुला पहिल्या दिवशी?"

"कर्जासाठी म्हणालात. मला वाटलं, सुट्टी संपली की एकदम भरायला साठवताय. सगळे तसंच करतात, अक्का. कर्जाच्या खात्यात घालायचं तर तसा अर्ज द्यावा लागतो. मी पिग्मीचा माणूस, मला पिग्मीच ठाऊक."

म्हणजे बघा. इकडे कर्ज बारा टक्क्यांनी वाढत होतं आणि तिकडे हिचे पैसे त्याच बँकेच्या दुसऱ्या पुस्तकात तीन टक्क्यांवर पेंगत होते. भिंत एक, छप्पर एक, पण या पुस्तकाची त्या पुस्तकाला ओळख नाही. आणि या बाईला पावणेपाच वर्षांत एकदाही वाटलं नाही की कर्जाची पावती कशी असते ते मागून बघावं. कार्डावर लक्ष्मीचं चित्र होतं, तेवढ्यावर विश्वास!

"पैसे बुडालेले नाहीत," त्रिविक्रम राव म्हणाला. "पण दरमहा तीनशे व्याजात आले असते तर ते बावीस हजारांचं व्याज सहा हजारांच्या आतच राहिलं असतं, आणि मुद्दलातही तेवढंच मिळालं असतं."

"मग हे तेव्हाच सांगायला तोंड नव्हतं कुणाला? तुमचा तो जुना कारकून, व्याज थोडं थोडं भरलं तर चालेल का विचारलं तर 'भरा की' म्हणाला आणि याच्याकडे बोट दाखवलं!"

मॅनेजरनं लेजर मिटलं. तो कारकून हुबळीला बदलून गेला होता. अंबूबाईला वाटलं, आता हा नमला. तिनं पदर खोचला.

"सरी, ठीक. व्याजाचं माझं चुकलं म्हणा. पण हप्ता? जुलैच्या आत हप्ता मागायचा तुम्हाला अधिकार काय? माझ्या भावाला त्याच्या कारखान्यात पत्र पाठवून त्याची अब्रू घेतलीत. ती कोण भरून देणार?"

त्रिविक्रम रावानं फायलीतून मंजुरीचं पत्र काढलं आणि हळू वाचलं, एकेका शब्दाचं कन्नड करत. "परतफेड शिक्षण पूर्ण झाल्यानंतर एक वर्षानं, किंवा नोकरी लागल्यानंतर सहा महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा सुरू होईल."

"जे आधी येईल..."

"हो."

हे दुसरं वाक्य तिनं कधी ऐकलंच नव्हतं. वाचून दाखवणाऱ्यानं पहिल्यावरच पत्र मिटलं होतं. तरी ती मागं हटली नाही. "पण नोकरी कुठं लागलीय? बिनपगारी ट्रेनिंग आहे. बसचे पैसे मी देते त्याला."

त्रिविक्रम रावाचा चेहरा पहिल्यांदा मवाळ झाला, आणि तेच तिला जास्त झोंबलं. त्यानं आणखी एक कागद काढला. "तुमच्या मुलानं फेब्रुवारीत इथंच स्कूटरच्या कर्जासाठी अर्ज केला होता. पलीकडच्या टेबलावर. सोबत हा पगाराचा दाखला जोडलाय. ज्युनिअर इंजिनिअर, रुजू एक सप्टेंबर अठ्ठ्याण्णव, पगार साडेचार हजार. सहा महिने एक मार्चला झाले. मार्चचा आणि एप्रिलचा असे दोन हप्ते थकले. त्याला दोन पत्रं दाखल्यावरच्या पत्त्यावर पाठवली. तिसरं जामिनाला जावं लागतं."

अंबूबाईनं तो अर्ज उलटा-सुलटा करून बघितला. खाली प्रणीतची सही होती. ती सही तिला वाचता येत होती, कारण ती तिनंच पाटीवर हात धरून शिकवली होती.

"माफ करा साहेब," ती म्हणाली. त्या शाखेतल्या कुणीही तिच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. बसवंतनं तिला दार उघडून दिलं, तर त्याच्याकडे न बघता ती निघाली.

दिवसभर तिनं चूल पेटवली नाही. संध्याकाळी प्रणीत आला तेव्हा ती दारातच पाटावर बसली होती.

"पगार किती रे तुझा?"

तो बूट काढता काढता थांबला.

"मी विचारलं, पगार किती? साडेचार हजार ना? सप्टेंबरपासून ना? आणि मी पहाटे उठून तुला डबा करतेय! कोडबळ्याचे वीस-वीस रुपये वेचून तुझ्या हातात ठेवतेय बसला! लाज कशी नाही वाटली रे रोज हात पुढं करताना?"

"आई, हळू बोल. लोक ऐकतील."

"ऐकू देत! लोकांनी ऐकू नये म्हणूनच आठ महिने गप्प होतास ना?"

"हो!" तो एकदम उसळला. "तुला सांगितलं असतं तर पेठभर पेढे वाटले असतेस तू. बसवंतला पहिला पेढा. बसवंत म्हणजे बँक. सहा महिन्यांत हप्ता लागला असता. न कळवता राहिलो असतो तर जुलैपर्यंत सूट होती. सूट आहे तर फुकट कशाला घालवायची?"

"म्हणून त्याच बँकेत स्कूटर मागायला गेलास? एवढा शहाणा?"

"ते टेबल वेगळं होतं..."

"टेबल वेगळं!" अंबूबाईनं कपाळावर हात मारला. आई पिग्मीचं पुस्तक वेगळं आहे हे न कळून बुडाली आणि लेक टेबल वेगळं आहे म्हणून बुडाला. खाण तशी माती. "आणि पगार कुठाय? आठ महिन्यांचा?"

तिनं बूट उचलून हातात घेतला तेव्हा तो बोलला. अव्हेन्यू रोडवर एक फायनान्स कंपनी होती. चोवीस टक्के द्यायची. बँक बारा घेते, फायनान्स चोवीस देते, मग हप्ता लवकर भरणारा मूर्ख, असा त्याचा हिशोब. सूट संपेपर्यंत पैसे तिथं वाढवायचे आणि मग एकदम मोठी रक्कम फेडून आईला चकित करायचं. पंचवीस हजार ठेवले होते. उगादीनंतरच्या आठवड्यात शटर पडलं ते पडलंच. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो त्या शटरसमोर उभा राहून उशिरा घरी येत होता.

"तुला चकित करायलाच केलं सगळं, आई. खरंच," तो म्हणाला.

तिला त्याची कीव आली, नाही असं नाही. पण राग त्याहून मोठा होता. "चकित झाले मी," ती म्हणाली. "पुरेपूर झाले. आणि मामाची साइट? ती कुणाच्या हिशोबात होती?"

ती त्याच्या हिशोबात नव्हतीच.

मंगळवारी तिनं त्याला रजा टाकायला लावली आणि बँकेत नेलं. पिग्मी मोडली. मुदतीआधी मोडली म्हणून व्याजात स्वल्प कापलं, हातात आले सतरा हजार दोनशे चाळीस. त्यातून तीन हजार सहाशे साठ थकलेल्या हप्त्यांना आणि राहिलेले सगळे मुद्दलात घालायला सांगितले. तसा अर्ज लिहून दिला, खाली सही केली आणि या वेळी पावती हातात पडेपर्यंत काउंटर सोडला नाही. त्रिविक्रम रावानं आकडे मांडून सांगितलं, साठऐवजी साधारण सेहेचाळीस हप्ते उरतील, शेवटचा दोन हजार तीनच्या शिमग्याच्या सुमाराला. कर्ज फिटेपर्यंत साइटचं पत्र तिजोरीतच राहील, पण कारवाई थांबली. तसं त्यानं जामिनाला पत्रही लिहून दिलं.

ते पत्र घेऊन दोघं जालहळ्ळीला गेली. अण्णा नुकताच ड्यूटीवरून आला होता. त्यानं चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. तिनं प्रणीतला पुढं ढकललं. "सांग तुझ्या तोंडानं."

प्रणीतनं खाली मान घालून सांगितलं. नोकरी, दाखला, फायनान्स, सगळं. अण्णा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "रुजू कधी झालास?"

"एक सप्टेंबर."

"म्हणजे दसऱ्याच्या आधी." अण्णानं चष्मा काढला. "दसऱ्याला बन्नीची पानं द्यायला आला होतास. पाया पडलास. पोर बेकार फिरतंय म्हणून मी पन्नास रुपये दिले होते तुला. लेकीच्या, सुप्रीताच्या वह्यांचे होते ते. घेतलेस तू."

पहिला पगार हातात पडून तेव्हा दोन दिवसही झाले नव्हते. अंबूबाईचा हात उठला आणि प्रणीतच्या गालावर बसला. नवरा गेल्यापासून तिनं त्या पोरावर हात टाकला नव्हता. ब्याऐंशी हजारांनी उठला नव्हता, पंचवीस हजारांनी उठला नव्हता, तो पन्नास रुपयांनी उठला. आतल्या खोलीतून सुप्रीता धावत दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

"पुरे ग," अण्णा म्हणाला. "झालं ते झालं. साइट वाचली ना? सुप्रीता, आत्तीला पाणी आण."

पाणी आलं. लख्ख घासलेलं स्टीलचं फुलपात्र, वर झाकणी. अंबूबाईनं ते घेतलं आणि परत पोरीच्याच हातात दिलं.

"नको. साइट सुटेपर्यंत पाणी नको म्हणाला होतास ना? सुटली कुठं? पत्र अजून त्यांच्याच तिजोरीत आहे."

"अग, मी रागात बोललो! चार वर्षं पाणी पिणार नाहीस माझ्या घरचं? वेड लागलंय तुला?"

"तुझा राग उतरला असेल, अण्णा. माझा नाही उतरला," ती म्हणाली आणि चपला घालू लागली. अण्णा मागं हाक मारत राहिला, ती वळली नाही. वळली असती तर रडली असती, आणि पोरासमोर तिला आज रडायचं नव्हतं.

मॅजेस्टिक स्टँडकडे जाणाऱ्या बसमध्ये दोघांना जागा मिळाली. प्रणीतच्या गालावर अजून बोटं उमटलेली होती. यशवंतपूर आलं. मग तो अगदी हळू म्हणाला, "मी भरीन, आई. एकूण एक हप्ता."

"भरशीलच," ती म्हणाली.

कंडक्टर आला. सवयीनं अंबूबाईचा हात कमरेच्या चंचीकडे गेला. आठ महिने रोज जात होता तसाच, वीस रुपये काढायला. चंचीची नाडी अर्धी सुटली आणि तिचा हात थांबला. तिनं नाडी पुन्हा आवळली, गाठ मारली आणि खिडकीकडे तोंड केलं.

"दोन तिकिटं काढ," ती म्हणाली. "पगार होतो ना तुला."